१.३२ हा गुणक आला कुठून?

मातीतील सेंद्रिय कर्बाच्या उत्तराला १.३२ ने का गुणायचे? हा गुणक वॉकली आणि ब्लॅक यांचा, १९३४ चा. डायक्रोमेटमध्ये तीव्र गंधकाम्ल ओतताच निघणाऱ्या उष्णतेवरच त्यांनी काम भागवले. बाहेरून आच दिली नाही. पद्धत सोपी झाली, पण कर्बाचे ऑक्सिडीकरण अपुरे राहिले. त्यांच्या नमुन्यांत ६० ते ८६, सरासरी ७६ टक्केच कर्ब हाती लागला. १०० भागिले ७६ म्हणजे १.३२.

समजा, उरलेले डायक्रोमेट मोजताना एक ग्रॅम मातीला ०.५ नॉर्मल फेरस द्रावण कोऱ्या चाचणीपेक्षा ४ मिलिलिटर कमी लागले. कर्ब ०.६० टक्के, गुणून ०.७९. पण याच मातीत ८६ टक्के कर्ब सापडला असेल तर खरे उत्तर ०.७०, आणि ६० टक्केच असेल तर चक्क १.००! ही तफावत ब्युरेटवर दिसत नाही. चुनखडी काढून तीच माती भट्टीत जाळली आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजला, तरच ती कळते.