खोक्यावरचा आकडा आणि वडखळचे घर

ऑक्टोबर २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्स या संस्थेने वाय-फायच्या पिढ्यांना ४, ५, ६ असे साधे क्रमांक दिले. ग्राहकाची सोय झाली. पण क्रमांक एकाने वाढला की वेगही त्याच प्रमाणात वाढतो, असा एक भ्रमही त्यातूनच रुजला.

मुंबई-गोवा महामार्गावरील वडखळमधले एखादे घर उदाहरणादाखल घेऊ. जोडणी १०० मेगाबिटची, राउटर दर्शनी खोलीत, मधे जाड भिंत आणि तिच्यामागे स्वयंपाकघर. जुना राउटर वाय-फाय ४ चा, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा. भारतात हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि तेव्हापासून त्यात गर्दी वाढतच गेली; शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सारे त्यातच. मोबाइलवर १४४ मेगाबिटचा दुवा दिसला, तरी त्यातला बराच वेळ संकेतांची देवाणघेवाण आणि आपली पाळी येण्याची वाट पाहणे यांत जातो. हाती येतो तो साधारण निम्मा वेग, गर्दीत त्याहूनही कमी.

आता या घरात 'एसी१२००' लिहिलेला वाय-फाय ५ चा राउटर येतो. हे बाराशे म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची बेरीज, वर थोडी उदार गोळाबेरीज. एक मोबाइल एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. तरीही दर्शनी खोलीत खरी उडी याच टप्प्यावर पडते, कारण ५ गिगाहर्ट्झवर मार्ग रुंद आणि गर्दी कमी. जोडणीचे शंभरही मेगाबिट तिथे जवळपास पूर्ण मिळतात.

स्वयंपाकघरात मात्र फारसा फरक पडत नाही. ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीत लवकर क्षीण होते, मोबाइल पुन्हा २.४ वर उतरतो, आणि त्या पट्ट्यावर वाय-फाय ५ नावाचे काही नाहीच. तिथे खोक्यात जुना वाय-फाय ४ च बसलेला असतो.

वाय-फाय ६ ने २.४ लाही हात घातला. समान रुंदीच्या मार्गावर ८६७ चे १२०१ झाले, म्हणजे सुमारे ४० टक्के वाढ; तीही मोबाइल त्याच पिढीचा असेल आणि राउटरजवळ असेल तर. १०० मेगाबिटच्या जोडणीवर ही वाढ एका मोबाइलला जाणवतही नाही. त्याचा खरा उपयोग अनेक उपकरणे एकाच वेळी बोलू लागली की दिसतो.

नवा राउटर घेण्यापूर्वी लॅपटॉप तारेने जोडून वेग मोजावा, मग राउटरशेजारी वाय-फायवर, मग स्वयंपाकघरात. तारेवरच वेग कमी असेल, तर दोष वाय-फायचा नाही. स्वस्त राउटरांच्या तारेच्या खाचाही अनेकदा १०० मेगाबिटच्याच असतात, खोक्यावर बाराशे असोत वा पंधराशे. शेजारी वेग पूर्ण आणि स्वयंपाकघरात तुटपुंजा असेल, तर राउटर घराच्या मध्यभागी हलवावा, किंवा तार ओढून भिंतीपलीकडे दुसरा राउटर बसवावा. जुना वाय-फाय ५ चाही चालतो.