न्यूट्रल तुटणे

न्यूट्रल तुटणे : तीन फेजच्या वीजपुरवठ्यात तटस्थ तार, म्हणजे न्यूट्रल, मध्येच तुटल्याने किंवा तिचा सांधा सुटल्याने उद्भवणारा दोष. या दोषात काही उपकरणांवर 230 व्होल्टऐवजी 350 व्होल्टहूनही अधिक विद्युतदाब येऊन ती जळू शकतात, तर त्याच वेळी दुसऱ्या फेजवरची उपकरणे अपुऱ्या दाबामुळे मंदावतात. वायरमनच्या बोलीत याला ‘न्यूट्रल गेला’ असे म्हणतात.

कारण : रोहित्रातून (डीपीतून) तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. कोणत्याही फेज व न्यूट्रल यांमध्ये 230 व्होल्ट, तर कोणत्याही दोन फेजांमध्ये सुमारे 400 व्होल्ट दाब असतो. तिन्ही फेजांवरील भार असमान असला, तरी न्यूट्रल त्यांचा सामाईक बिंदू जागेवर धरून ठेवते, आणि म्हणूनच एका फेजवर किती उपकरणे चालू आहेत याचा दुसऱ्या फेजच्या दाबावर फारसा परिणाम होत नाही. न्यूट्रल तुटली की हा बिंदू मोकळा होतो आणि वेगवेगळ्या फेजांवरची उपकरणे त्या बिंदूतून परस्परांना एकसरीत जोडली जाऊन 400 व्होल्ट आपापल्या रोधाच्या प्रमाणात वाटून घेतात.

उदाहरण : तीन फेजचे कनेक्शन असलेल्या एका घरात पहिल्या फेजवर 2,000 वॅटचा गिझर आणि दुसऱ्या फेजवर एकूण 200 वॅटचे दिवे चालू आहेत, तर तिसऱ्या फेजवर काहीच चालू नाही, असे समजू. सोयीसाठी दोन्ही भार निव्वळ रोध मानले, तर गिझरचा रोध सुमारे 26 ओहम आणि दिव्यांचा सुमारे 265 ओहम येतो. मीटरजवळ न्यूट्रल तुटताच या दोहोंतून एकच, जेमतेम 1.4 अँपिअरचा प्रवाह वाहू लागतो. गिझरच्या वाट्याला सुमारे 36 व्होल्ट येतात, तर दिव्यांवर सुमारे 364 व्होल्ट पडतात. गिझर कोमट राहतो आणि दिव्यांना नेहमीच्या अडीच पट शक्ती सोसावी लागते. म्हणजे जळते ते कमी वॅटचे उपकरण. त्यातही निम्मे दिवे जळून बंद पडले, तर उरलेल्यांचा एकत्रित रोध दुप्पट होऊन त्यांच्यावरचा दाब 381 व्होल्टपर्यंत चढतो. एकामागून एक उपकरणे जाण्याचे कारण हेच होय.

दिव्यांच्या जागी टीव्ही किंवा एलईडी दिव्याचे इलेक्ट्रॉनिक परिपथ असल्यास हानी अधिक लवकर होते. 364 व्होल्टचा कमाल क्षणिक दाब 500 व्होल्टच्या पुढे जातो, तर अशा परिपथांतील धारित्र बहुधा 400 ते 450 व्होल्ट सहन करण्यासाठीच बनवलेले असते. ते फुगते किंवा फुटते.

फ्यूज व एमसीबी यांचा उपयोग का होत नाही : ही साधने प्रमाणापेक्षा जास्त प्रवाह वाहिला की तो तोडतात, आणि वरील उदाहरणात प्रवाह तर अगदीच थोडा आहे. जमिनीकडे होणारी गळती ओळखणारा आरसीसीबीही हा दोष ओळखत नाही, कारण येथे गळती होतच नाही.

मर्यादा : सिंगल फेजच्या घरात फक्त त्याच घराची न्यूट्रल तुटली, तर दाब वाढत नाही, उपकरणे बंद पडतात आणि चालू स्थितीत ठेवलेल्या उपकरणातून फेज उलट येऊन सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. मात्र इमारतीची किंवा डीपीवरून येणाऱ्या लाइनची सामाईक न्यूट्रल तुटली, तर सिंगल फेजची घरेही वरीलप्रमाणे परस्परांशी एकसरीत जोडली जातात. घरातील न्यूट्रल अर्थिंगला जोडून केलेली तात्पुरती सोय घातक ठरते, कारण मग उपकरणांच्या धातूच्या आवरणांवरच वीज उतरू शकते.

ओळख व उपाय : एखादे मोठे उपकरण सुरू करताच दुसऱ्या खोलीतील दिवे अधिक प्रखर होणे, किंवा काही दिवे प्रखर तर काही मंद होणे, ही सांधा ढिला झाल्याची खूण असते, अशा वेळी मेन स्विच ताबडतोब बंद करावा. वायरमनने मीटरने मोजल्यास दोन फेजांमधील दाब यथास्थित 400 व्होल्ट दिसतो, पण फेज-न्यूट्रल दाब तिन्ही फेजांवर वेगवेगळे येतात. दोष बहुधा अॅल्युमिनियम व तांब्याच्या तारा जोडल्या जातात तेथे किंवा ढिल्या पडलेल्या स्क्रूपाशी आढळतो. न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज किंवा एकेरी स्विच घालत नाहीत, तेही याच कारणाने. दाब ठरावीक मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारा व्होल्टेज रिले प्रत्येक फेजवर बसवल्यास उपकरणे बहुधा वाचतात. विजेच्या क्षणिक लाटा अडवणारे साधन मात्र मिनिटभर टिकणाऱ्या दाबापुढे पुरे पडत नाही.