शून्याची गोष्ट

खालचा रक्तदाब शून्य असलेली जिवंत व्यक्ती तुम्ही पाहिलीये कधी? 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका डेटासेटमध्ये अशा तब्बल 35 जणी आहेत!

अमेरिकेतल्या पिमा जमातीच्या 768 स्त्रियांच्या मधुमेहविषयक नोंदी यूसीआय या विद्यापीठाच्या संग्रहात आल्या. सोबत डेटा डिक्शनरीही होती बरं का. कॉलमचं नाव, एकक, सगळं व्यवस्थित. एका ओळीने मात्र घात केला: 'गहाळ नोंदी नाहीत'. प्रत्यक्षात, जिथे मोजमापच नव्हतं तिथे शून्य भरलेलं होतं. इन्सुलिनच्या कॉलममध्ये तर अशी 374 शून्यं.

आता इन्सुलिनची सरासरी काढा, 80च्या आसपास येते. शून्यं वगळा, थेट 155. प्रोग्राम कुठेही अडत नाही, एरर येत नाही, त्यामुळे पत्ताच लागत नाही. संग्रहाच्या पानावर याबद्दलची सूचना आली ती 2011 मध्ये.

मग सगळीच शून्यं उडवायची का? छे! गरोदरपणाच्या कॉलममधलं शून्य अगदी खरं आहे. म्हणजे 'इथे शून्याचा अर्थ काय' हे प्रत्येक कॉलमपुढे वेगळं लिहायला हवं.

तेव्हापासून मी प्रत्येक कॉलमपुढे एककासोबत आणखी तीन गोष्टी लिहितो: किमान-कमाल शक्य किंमत, 'मोजलं नाही' कसं दाखवलंय, आणि का मोजलं नाही. मग किमान किंमत काढून ताडून बघतो. रक्तदाबापुढे 'शून्य अशक्य' एवढं लिहिलेलं असतं, तर पहिल्याच दिवशी चोरी पकडली गेली असती.