नेटस्केप गेलं, त्याची फाइल राहिली

सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर क्रोममधून बुकमार्क बाहेर काढले की `bookmarks_7_14_23.html` अशा नावाची एक फाइल पडते. तारीख अमेरिकी पद्धतीची, आधी महिना आणि मग दिवस. ती नोटपॅडमध्ये उघडली की सुरुवात अशी दिसते:

```
<!DOCTYPE NETSCAPE-Bookmark-file-1>
<!-- This is an automatically generated file.
     It will be read and overwritten.
     DO NOT EDIT! -->
<DL><p>
  <DT><H3 ADD_DATE="1689300000">पीक विमा</H3>
```

फाइल गुगलच्या क्रोमची, पण पहिल्याच ओळीत नाव नेटस्केपचं. नेटस्केप नावाचा ब्राउझर आजच्या कॉलेजातल्या पोरांनी पाहिलेलाही नाही.

1993 साली इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत मोझॅक हा ब्राउझर तयार झाला. आवडलेले पत्ते जपायची सोय त्यात होती, तिला 'हॉटलिस्ट' म्हणत. ते काम करणारी काही मंडळी पुढे नेटस्केपमध्ये गेली आणि डिसेंबर 1994 मध्ये नेव्हिगेटरची पहिली आवृत्ती आली. आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट दिलं ते 15 ऑगस्ट 1995 ला, म्हणजे काळ साधारण तोच. जपलेल्या पत्त्यांसाठी नेटस्केपने वेगळी रचना घडवत बसण्यापेक्षा वेबपान ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात त्यातच यादी लिहिली. ही यादी कुठल्याही ब्राउझरमध्ये पान म्हणून उघडते आणि तिच्यातल्या दुव्यांवर थेट टिचकी मारता येते. बुकमार्कच्या फाइलला आजवर कुणी हलवू शकलं नाही, त्याचं मुख्य कारण हेच असावं.

वरच्या इंग्रजी इशाऱ्याचा अर्थही त्या काळात शोधावा लागतो. तेव्हा ही फाइल बाहेर काढलेली नक्कल नव्हती, ब्राउझर याच फाइलमधून वाचायचा आणि हिच्यावरच परत लिहायचा. हाताने काही घातलं तर ते पुढच्या लिखाणात पुसलं जाण्याची भीती असे. फायरफॉक्सनेही 2008 मधल्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत हीच चाल ठेवली, मग बुकमार्क डेटाबेसमध्ये नेले. क्रोम ते आपल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. पण एका ब्राउझरचा माल दुसऱ्याला द्यायचा म्हटलं की सगळे या जुन्या लिपीवर येतात, इशाऱ्यासकट. आज ती फाइल हाताने सुधारली तरी काही बिघडत नाही.

`ADD_DATE` समोरचा आकडा म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून मोजलेले सेकंद. वरचा 1689300000 उलगडला की 14 जुलै 2023, भारतीय वेळेनुसार सकाळचे साडेसात निघतात. बीड जिल्ह्यातल्या सेवा केंद्रवाल्याला ती वेळ लगेच ओळखू येईल. त्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता आणि जुलैभर दुकानं पहाटेपासून उघडी असत.

बुकमार्कसारखे पासवर्डही ब्राउझरमधून फाइलने बाहेर काढता येतात, पण त्या फाइलचं कूळ याहून वेगळं आहे, आणि जुनंही. ती सीएसव्ही असते, म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेली यादी. अशा याद्या आयबीएमच्या फोरट्रानमध्ये 1972 पासून चालत. पंचकार्डांच्या त्या दिवसांत प्रत्येक आकडा ठरलेल्या रकान्यातच टोचावा लागे, एक घर सरकलं की हिशोब चुकला. स्वल्पविरामाने ती कटकट संपवली. यादीचे लेखी नियम मात्र 2005 साली आरएफसी 4180 मध्ये आले. या सगळ्या घराण्यात गुपित ठेवायची गरज कधी पडलीच नाही, त्यामुळे कुलूप लावायला जागाही नाही. क्रोमने पासवर्ड अशा यादीत बाहेर द्यायला 2018 मध्ये सुरुवात केली, फायरफॉक्सने जुलै 2020 मध्ये. ब्राउझरच्या पोटात पासवर्ड कूटबद्ध असतात. बाहेर पडताना ते साध्या अक्षरांत येतात:

```
name,url,username,password
```

अलीकडच्या क्रोममध्ये शेवटी टिपेचा एक रकाना वाढलाय, एवढाच फरक.

केज तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात बुकमार्क आणि पासवर्ड जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर न्यायला मी बसलो होतो. जुना कॉम्प्युटर विंडोज 7 चा. त्या विंडोजवर क्रोम 109 व्या आवृत्तीवर थांबला आहे, 2023 च्या फेब्रुवारीत आलेल्या 110 ला विंडोज 10 लागतं. नव्या यंत्रावर मालकाला फायरफॉक्स हवा होता. दोन्ही ब्राउझर एकाच यंत्रावर असते तर फाइल काढायची गरजच नव्हती, फायरफॉक्स शेजारच्या क्रोममधून थेट उचलून घेतो. इथे यंत्रं दोन, म्हणून फाइल आली आणि फाइलसोबत पेनड्राइव्ह.

बुकमार्कचं काम पाच मिनिटांचं. क्रोममध्ये `Ctrl+Shift+O`, तीन टिंबं, `Export bookmarks`. फायरफॉक्समध्येही तेच `Ctrl+Shift+O`, मग `Import and Backup` मधलं `Import Bookmarks from HTML`. गोंधळ होतो तो नंतर. बुकमार्कची पट्टी रिकामीच दिसते आणि माणसाला वाटतं की काहीच आलं नाही. खरं तर जुनी पट्टी बुकमार्कच्या मेनूत एका वेगळ्या फोल्डरात जाऊन बसलेली असते, तिथून ती ओढून वर आणायची. "आलंच नाही" म्हणून पुन्हा इम्पोर्ट केलं की सगळं दुप्पट होतं. मराठी नावांचे फोल्डर नीट येतात.

पासवर्डला हात लावण्याआधी आम्ही यादी नुसती वाचली, आणि अर्धा वेळ तिथेच गेला. दुकानाची स्वतःची खाती थोडीच होती. बाकी सगळी गिऱ्हाइकांची: कुणा शेतकऱ्याचं महाडीबीटीचं, कुणा विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचं, कुणाचं आपले सरकारचं. अर्ज भरताना ब्राउझरने `Save password?` विचारलं आणि घाईत होकार गेला, असं वर्षानुवर्षं साठलेलं. ती आधी एकेक करून पुसली. दुसऱ्याचा पासवर्ड नव्या यंत्रावर न्यायचा प्रश्नच येत नाही, आणि फाइल कुणाच्या हाती लागलीच तर नुकसान दुकानापुरतं राहतं. नव्या फायरफॉक्समध्ये 'पासवर्ड जतन करू का' हा प्रश्नच बंद केला, दुकानाची खाती आली की लगेच.

क्रोम 109 मध्ये `chrome://settings/passwords` उघडलं की जतन केलेल्या पासवर्डांच्या वर तीन टिंबं असतात, त्यात `Export passwords`. फाइल देण्याआधी विंडोजचा पासवर्ड विचारला जातो. विंडोजला पासवर्डच ठेवलेला नसेल, आणि दुकानांत तो बहुधा नसतोच, तर ही विचारणाही होत नाही. गल्ल्यावर बसलेला कुणीही यादी काढू शकतो.

फाइल पडली आणि मालक म्हणाला, "भाऊ, एक्सेलमधी उघडून बघू का एकदा, समदे आलेत का?" नेमकं हेच करायचं नाही. सेवा केंद्राचा लॉगिन आयडी बारा अंकी असतो. एक्सेल त्याला संख्या समजून `2.7E+11` असं काहीतरी दाखवतं, आणि सवयीने `Ctrl+S` दाबलं की फाइलमध्ये तेच उरतं. शून्याने सुरू होणाऱ्या पासवर्डचं शून्य गळतं, `=` ने सुरू होणाऱ्याला सूत्र समजून घोळ होतो. इम्पोर्ट तरीही यशस्वी दिसतं, आणि लॉगिन अडतं ते ऐन गर्दीत. बघायचंच असेल तर नोटपॅडमध्ये बघा आणि जतन न करता बंद करा. पासवर्डातच स्वल्पविराम असेल तर तो पूर्ण पासवर्ड दुहेरी अवतरणात दिसतो. ते अवतरण यादीच्या नियमाचं आहे, काढू नका.

मग पेनड्राइव्ह. सेवा केंद्रातला पेनड्राइव्ह दिवसभर गिऱ्हाइकांच्या फोटोंसाठी, झेरॉक्ससाठी या यंत्रातून त्या यंत्रात फिरत असतो. त्यावर उघडी यादी ठेवणं म्हणजे ती चौकात लावणं. फाइल डेस्कटॉपवरच सेव्ह करून तिथेच 7-Zip ने बंद केली: प्रकार `7z`, मोठा पासवर्ड, आणि `Encrypt file names` वर खूण. पेनड्राइव्हवर गेली ती फक्त ही बंद फाइल. तिचा पासवर्ड कुठे लिहिला नाही, तासाभराचंच काम होतं. स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर पाठवायचा सोपा मार्ग टाळलेला बरा, कारण तिथली प्रत फोनच्या डॉक्युमेंट्समध्ये आणि बॅकअपमध्ये आपल्या नकळत राहते. डेस्कटॉप किंवा डाउनलोड्स आपोआप क्लाउडवर चढत असेल तर तेही आधी थांबवायचं.

नव्या यंत्रावर ती बंद फाइल डेस्कटॉपवर उघडली, मग फायरफॉक्समध्ये `about:logins`, तीन टिंबं, `Import from a File`. शेवटी फायरफॉक्स नवे किती, बदललेले किती, आधीच असलेले किती आणि चुकलेल्या ओळी किती ते सांगतो. चुकलेल्यांच्या पुढे शून्य हवं. तेवढ्यावर न थांबता बारा अंकी आयडीचं लॉगिन प्रत्यक्ष करून पाहिलं. ओटीपी मागितला गेला. ते अपेक्षितच होतं, फाइलमध्ये पासवर्ड येतात, आधीचं लॉगिन चालू असल्याची खूण येत नाही. म्हणून नोंदणीचा मोबाईल ज्याच्याकडे आहे तो माणूस शेजारी हवा. पासकीही या यादीत येत नाहीत आणि डिजिटल सहीचा टोकन तर वेगळाच.

लॉगिन झालं की दोन्ही यंत्रांवरची उघडी फाइल `Shift+Delete` ने पुसली, साध्या डिलीटने ती रिसायकल बिनमध्ये पडून राहते. दोन्हीकडे `*.csv` शोधून पाहिलं, तेव्हा जुन्यावर डाउनलोड्समध्ये कधीकाळी काढलेली आणखी एक यादी सापडली. जुन्या यंत्रात फिरती हार्डडिस्क होती. अशा डिस्कवर पुसलेल्या फाइलची फक्त नोंद जाते, मजकूर जागेवरच असतो. म्हणून दुकान बंद करताना हे लावून दिलं:

```
cipher /w:C:\
```

रिकाम्या जागेवरून हे लिखाण फिरवतं आणि त्याला तास लागतात. त्याआधी क्रोममधलं प्रोफाइलही काढून टाकलं होतं, कारण यंत्र पुढे विकलं जाणार होतं.

या यादीला वारस शोधायचं काम सुरू झालंय. फायडो अलायन्सने ऑक्टोबर 2024 मध्ये एका ठिकाणचे पासवर्ड आणि पासकी दुसरीकडे कुलुपासकट नेण्याच्या रचनेचा मसुदा मांडला. त्यासाठी देणारा आणि घेणारा असे दोन्ही प्रोग्राम नवे असावे लागतील. क्रोम 109 आता बदलणार नाही, त्यामुळे विंडोज 7 वरून निघणाऱ्या दुकानांना तोवर स्वल्पविरामाचीच यादी आहे.