‘कितपत सहमत आहात?’ या प्रश्नाचं उत्तर कसं लिहायचं? सुप्याच्या दंग्याचं उदाहरण

यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देता येते आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. त्यामुळे गावाकडच्या अभ्यासिकांतून एक तक्रार हमखास ऐकू येते, की इतिहास पाठ आहे, पण ‘या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?’ असा प्रश्न आला की मार्क निम्म्यावर येतात. उत्तरपत्रिका बघितल्या तर कारण लगेच दिसतं. विद्यार्थी एका बाजूचे चार मुद्दे लिहितो, दुसऱ्या बाजूचे चार लिहितो आणि शेवटी ‘अशा प्रकारे दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत’ म्हणून मोकळा होतो. पण विचारलं होतं ‘कितपत’. म्हणजे किती, कुठपर्यंत आणि का. त्याचं उत्तर राहूनच जातं.

आपल्याच भागातला एक प्रश्न घेऊन बघू. ‘1875 चा दख्खनमधील शेतकऱ्यांचा उठाव हा केवळ सावकारांविरुद्ध होता. आपण कितपत सहमत आहात?’

आधी माहिती उजळून घेऊ. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात हा उठाव सुरू झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. बाजाराचं गाव, त्यामुळे दुकानदार आणि सावकार बरेच. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले, त्यांनी सावकारांकडून वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही सावकारांची घरंही पेटवली. पुढे हे लोण नगर जिल्ह्यात गेलं. त्याआधी, डिसेंबर 1874 मध्ये, शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात सावकारावर बहिष्कार टाकला गेला होता.

आता विधान पुन्हा वाचा. यात सगळ्यात वजनदार शब्द कोणता? ‘केवळ’. विधानात असा एखादा टोकाचा शब्द असतोच. केवळ, मुख्यतः, पूर्णपणे, किंवा नुसता शब्दाला चिकटलेला ‘च’. पेन्सिलीनं त्याखाली रेघ मारा, कारण तुमचा निवाडा त्याच शब्दावर द्यायचा आहे. सावकाराविरुद्ध राग होता का, हा वादाचा मुद्दाच नाही. तो होताच. प्रश्न आहे फक्त सावकाराविरुद्धच होता का.

दुसरं काम म्हणजे मोजायचं माप ठरवणं. हीच पायरी बहुतेक जण सोडतात. ‘सावकारांविरुद्ध होता’ याचे दोन अर्थ निघतात. एक, हल्ला कोणावर झाला? दोन, हल्ला करायची वेळ कोणामुळे आली? पहिल्याला निशाणा म्हणू, दुसऱ्याला कारण. निशाण्याच्या मापानं बघितलं तर विधान बरंचसं खरं ठरतं. कारणाच्या मापानं बघितलं तर ते लंगडं पडतं. एवढं ध्यानात आलं की अर्धं उत्तर तिथंच झालं.

निशाण्याच्या बाजूचा पुरावा पक्का आहे. लोकांनी मागितले ते रोखे आणि वह्या. जिथं सावकारानं रोखे मुकाट्यानं दिले, तिथं मारहाण सहसा झाली नाही. सरकारी कचेऱ्या किंवा खजिना हा लोकांचा रोख नव्हता. हा भाग प्रामाणिकपणे मान्य करायचा, कारण विधानाची ताकद ज्याला दिसतच नाही त्याच्या विरोधालाही वजन राहत नाही.

कारणाकडे वळलं की चित्र बदलतं. रयतवारीत सारा रोख पैशात भरायचा, पाऊस पडो न पडो. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला भाव आला आणि कर्ज सहज मिळू लागलं. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि सावकारानं हात आखडता घेतला. त्याच सुमारास साऱ्याची नवी आकारणी झाली, ती काही ठिकाणी दुपटीपर्यंत गेली. वर कायदा आणि कोर्ट. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं रोखा तीनच वर्षं चालायचा. हेतू होता व्याज साचू नये हा. झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घेई आणि थकलेलं व्याज मुद्दलात घाली. मग कोर्टातून हुकूमनामा आणि जमीन जप्त.

इथपर्यंत दोन याद्या झाल्या, निवाडा अजून झालेला नाही. त्यासाठी दोन्ही बाजू एकमेकींवर घासून बघाव्या लागतात. स्वतःला विचारा, सावकार तर इंग्रजांच्या आधीही होता, मग नेमकं बदललं काय? रोख सारा, जमिनीवर मिळणारं कर्ज आणि रोख्यावर बोट ठेवून हुकूमनामा देणारं कोर्ट. तिन्ही सरकारनं आणलेलं. सावकाराला बळ मिळालं ते इथून. म्हणून कारणाचं पारडं जड, आणि ‘केवळ’ टिकत नाही.

पुरावा कोणाचा आहे, हेही तोलावं लागतं. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल 1878 ला ब्रिटिश संसदेपुढे गेला. त्यात दोष सावकारावर आला, वाढीव साऱ्यावर नाही. बरेच विद्यार्थी हे वाक्य विधानाच्या बाजूचा पुरावा म्हणून टाकतात. पण आयोग सरकारचा, आणि स्वतःचा सारा चुकला असं सरकार सहजी कशाला म्हणेल? त्याच सरकारनं 1879 ला दख्खन शेतकरी मदत कायदा आणला आणि रोख्याच्या मागं जाऊन मूळ कर्ज किती ते तपासायचा अधिकार कोर्टाला दिला. म्हणजे आधीची कोर्टाची पद्धत शेतकऱ्याला बुडवत होती, हे न बोलता कबूलच केलं. परीक्षकाला असा एक मुद्दा दहा तारखांपेक्षा जास्त सांगून जातो.

आता लिहायचं कसं? सामान्य अध्ययनाच्या पेपरात 15 गुणांना 250 शब्द असतात आणि तीन तासांत 20 प्रश्न. म्हणजे एकाला सरासरी नऊ मिनिटं. निवाडा शेवटी राखून ठेवू नका, पहिल्या दोन ओळींतच द्या. उदाहरणार्थ : ‘उठावाचा निशाणा पाहता हे विधान बऱ्याच अंशी मान्य करता येते. मात्र सावकाराला बळ देणारी महसूल व न्यायव्यवस्था सरकारचीच असल्याने, कारणांच्या बाबतीत “केवळ” हा शब्द मान्य करता येत नाही.’ पुढं साधारण 70 शब्द निशाण्याला, 100 कारणांना आणि उरलेले तोलायला. नुसतं ‘मी अंशतः सहमत आहे’ लिहून भागत नाही. कोणता अंश, ते सांगावं लागतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. प्रत्येक विधान अर्धं खरं, अर्धं खोटं असतं असं समजू नका. हाच प्रश्न ‘उठावाचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता’ असा आला, तर सरळ ‘मोठ्या प्रमाणात सहमत’ लिहा आणि धान्याच्या लुटीसारखा अपवाद एका वाक्यात नोंदवा. तिथं ओढूनताणून सरकारचा दोष आणला तर उत्तर प्रश्नाबाहेर जातं.

लिहून झाल्यावर तपासायची एक सोपी रीत आहे. शेवटचा निवाडा बोटानं झाका आणि त्या जागी उलटा निवाडा आहे असं समजा. वरचा मजकूर त्यालाही तसाच चालत असेल, तर तुम्ही फक्त माहिती लिहिली आहे. अशा वेळी सगळं उत्तर खोडत बसू नका. दोन्ही बाजूंच्या मधोमध एकच वाक्य घाला, ‘या दोहोंत हे कारण अधिक निर्णायक, कारण…’ आणि ते पुरं करा.