बॅनरवरची तारीख बदलायची आहे: एआयला सांगावं की लेयरवर स्वतः टाइप करावं?

बडोदे : गणेशोत्सव जवळ आला की मागच्या वर्षीचं बॅनर शोधायचं, तारीख बदलायची आणि फ्लेक्सवाल्याकडे पाठवायचं, ही बऱ्याच मंडळांची पद्धत. आता मोबाइलवरच्या एआय एडिटरला ‘एवढी ओळ बदल’ असं सांगितलं की काही सेकंदांत नवं चित्र हातात येतं. पण त्यातलं मराठी बरोबर असेलच असं नाही.

एक उदाहरण घेऊ. दांडिया बाजारातल्या एखाद्या मंडळाकडे जुन्या बॅनरची फक्त जेपीजी फाइल आहे. ‘बुधवार, २७ ऑगस्ट २०२५’ काढून तिथे ‘सोमवार, १४ सप्टेंबर २०२६’ हवं आहे. खाली देणगीदारांची नावं आणि मोबाइल नंबर आहेत, ते तसेच राहायला हवेत.

एआय कुठे चुकतं?

असा एडिटर अक्षरं टाइप करत नाही, अक्षरांसारखी दिसणारी आकृती काढतो. इंग्रजी मजकूर आता बऱ्यापैकी जमतो, पण देवनागरीत जोडाक्षरं आणि मात्रा बिघडतात. ‘सप्टेंबर’मधला ‘प्ट’ भलताच दिसतो, ‘काळे’ आडनावाचं ‘काले’ होतं. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला आणि ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला. फरक फक्त ‘र’च्या रूपाचा, आणि नेमका तोच पुसला जातो. बॅनरवर गुजराती मजकूरही असेल तर गोंधळ वाढतो. दोन्ही लिप्यांचे काही अंक जवळपास सारखे, काही अगदी वेगळे. चित्रात ते एकमेकांत मिसळू शकतात.

दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. बरेच एडिटर एका ओळीसाठी अख्खं चित्र नव्याने तयार करतात. तारीख बरोबर येते, पण खालच्या मोबाइल नंबरातला ३ चा ८ झालेला असतो, आणि तिकडे कुणी बघतच नाही.

मग काम कसं वाटायचं?

पुसायचं काम एआयला, लिहायचं काम माणसाला. एडिटरला नवी तारीख सांगायचीच नाही. ‘तारखेची ओळ पुसून टाक, मागची नक्षी तशीच ठेव’ एवढंच सांगायचं. जुन्या अक्षरांमागची तोरणं, रंगछटा भरून काढणं त्याला चांगलं जमतं, आणि हाताने तेच करायला वेळ लागतो.

मग फोटोशॉप किंवा मोफत मिळणाऱ्या गिंपमध्ये जुनं चित्र खाली आणि एआयचं चित्र वरच्या लेयरवर त्याच मापात ठेवायचं. वरच्या लेयरला मास्क लावून फक्त तारखेची पट्टी उघडी ठेवायची. बाकी सगळं, नावं आणि नंबर धरून, मूळ फाइलमधलंच राहतं. त्यावर टेक्स्ट लेयर घेऊन मुक्तासारख्या युनिकोड फाँटमध्ये तारीख टाइप करायची.

इथे फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली किंवा जोडाक्षर सुटं दिसलं, तर टाइपच्या सेटिंगमध्ये World-Ready Layout निवडलंय का ते बघावं. फाँट जुन्या, युनिकोड नसलेल्या पद्धतीचा असेल, तर व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर पेस्ट केल्यावर त्या फाँटमध्ये नीट दिसत नाही. अशा वेळी फाँट बदलावा.

तपासणी कशी करायची?

छापायला देण्याआधी जुनं चित्र तयार चित्रावर ठेवून लेयरचा मोड Difference करावा. जिथे काही बदललं नाही तिथे काळं दिसतं. तारखेच्या पट्टीबाहेर काही उजळ दिसलं, तर तिथे नक्की काहीतरी हललंय. जेपीजीमुळे येणारी बारीक धूसर कणी चालते, अक्षराचा आकार दिसला तर नाही.

मग टेक्स्ट लेयरमधली ओळ कॉपी करून मंडळाने पाठवलेल्या मूळ मेसेजशेजारी ठेवावी आणि अक्षर-अक्षर जुळवावी. लेयरचा खरा फायदा हाच: त्यातला मजकूर पुन्हा बाहेर काढून ताडता येतो. एआयने काढलेली ओळ फक्त डोळ्यांनीच वाचावी लागते, आणि डोळा अपेक्षित तेच वाचतो. शेवटी वार आणि तारीख कॅलेंडरशी जुळते का तेही बघावं.

थेट एआय कधी चालेल?

मजकूर नुसता सजावटीचा असेल, म्हणजे मागच्या दुकानाची अस्पष्ट पाटी, किंवा स्टेटससाठी ‘शुभेच्छा’ असा एकच शब्द, तर बिनधास्त वापरावं. बिघडलं तर पुन्हा करता येतं. पण नाव, तारीख, पत्ता, रक्कम किंवा फोन नंबर असेल तर टाइपच करावं. बेळगावात कन्नड-मराठी फलक असो की बडोद्यात गुजराती-मराठी लग्नपत्रिका, निकष हाच: एक अक्षर चुकल्याने कुणाचं नाव बदलणार असेल किंवा पाहुणा चुकीच्या दिवशी येणार असेल, तर ती ओळ लेयरवरच लिहावी.