कौटुंबिक आर्थिक ताण : मुलांच्या मनावर व वागण्यावर होणारे परिणाम

कमावत्या पालकाची नोकरी जाणे, पगारात मोठी कपात होणे किंवा धंदा बसणे यांमुळे घरातल्या मुलांच्या मनःस्थितीत व वागण्यात होणारे बदल. खाणेपिणे, औषधपाणी किंवा डोक्यावरचे छप्पर यांवरच गदा आली, तर मुलाला टंचाईची झळ थेट बसते. पण पोटापुरते अजून मिळत असलेल्या घरांतही मुले बदलतात. तिथे हा परिणाम मुख्यतः आई-वडिलांच्या मार्फत होतो. त्यांची खचलेली मनःस्थिती, आपसांतली भांडणे आणि मुलाशी बोलण्यात आलेला कडवटपणा यांतून टंचाई मुलापर्यंत पोचते. एकाच वेळी नोकरी गेलेल्या दोन शेजाऱ्यांची मुले इतकी वेगळी का वागतात, याचा उलगडा बहुतेकदा इथेच होतो.

या विषयावरच्या पहिल्या बारकाईच्या अभ्यासांपैकी एक व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावात झाला. तिथली कापडगिरणी 1929-30 च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांचा या गावाविषयीचा ग्रंथ 1933 साली प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी शाळेतल्या मुलांना नाताळात काय हवे ते लिहायला सांगितले होते. मारिएनथालच्या मुलांनी मागितलेल्या वस्तूंची सरासरी किंमत आसपासच्या गावांतल्या मुलांच्या मागण्यांच्या सुमारे एक तृतीयांश भरली. शिवाय कित्येकांनी मागणीच अडखळत केली होती : आई-बाबांकडे पैसे असते, तर अमुक मागितले असते. हट्ट करायला कोणी मनाई केली नव्हती. घरातली हवा ओळखून मुलांनी आपल्या इच्छा आपणच आखडून घेतल्या होत्या.

अमेरिकेतल्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा ग्लेन एल्डर यांनी केलेला अभ्यास 1974 साली पुस्तकरूपाने आला. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथली, 1920-21 साली जन्मलेली ही मुले मंदीच्या वेळी दहा-बारा वर्षांची होती. उत्पन्न मोठ्या प्रमाणात घटलेल्या घरांतल्या मुलींनी घरकाम उचलले, मुलगे बाहेर किरकोळ कामे करू लागले, आणि त्यांतली बरीच पुढे जबाबदार प्रौढ झाली. एल्डर यांनी नंतर शेजारच्या बर्कलीतली, 1928-29 साली जन्मलेली मुलेही अभ्यासली. मंदी आली तेव्हा ती अगदी लहान होती, घराबाहेर पडून काही करण्याजोगी नव्हती. त्यांच्यात, विशेषतः मुलग्यांत, परिणाम अधिक वाईट दिसले. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट ठळक होती. मुलाच्या वागण्याचा धागा मिळकतीतल्या घटीपेक्षा वडिलांच्या वागण्याशी अधिक जुळत होता. जे वडील मुळातच तापट होते, ते मंदीत आणखी तापट झाले, आणि त्याचा भार लहानग्यांवर पडला.

टंचाई, पालक, मूल ही साखळी कडीकडीने तपासली गेली ती आयोवा राज्यात. 1980 च्या दशकात तिथल्या शेतजमिनींचे भाव कोसळले आणि कर्ज काढून शेती वाढवलेली कुटुंबे अडचणीत आली. रँड काँगर, एल्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 पासून सातवीतले मूल असलेल्या 451 कुटुंबांचा अभ्यास केला. घरातल्या प्रत्येकाकडून वेगवेगळी माहिती घेतली आणि कुटुंब एकत्र बसून बोलत असतानाचे चित्रीकरण तटस्थ निरीक्षकांकडून तपासून घेतले. त्यातून उभ्या राहिलेल्या मांडणीत उत्पन्न घटणे ही फक्त सुरुवात आहे. त्यापुढे येतो रोजचा ताण : बिले थकणे, गरजेच्या वस्तू न घेता येणे, एकेका खर्चाला कात्री लावत जाणे. या ताणाने आई-वडील खचतात वा चिडतात, त्यांच्यात खटके उडणे वाढते, मग मुलाकडे लक्ष कमी होते आणि बोलण्यात धार येते. मूल बिघडते ते या शेवटच्या कडीवर. नवरा-बायको एकमेकांना धरून राहिले, तर हीच साखळी मध्येच सैल होते, असेही याच कुटुंबांच्या पुढील अभ्यासात दिसले.

नमुन्यादाखल एक कल्पित कुटुंब घेऊ. पिंपरी-चिंचवडच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात वडील तपासनीस आहेत. हातात येणारा पगार 34,000 रुपये, घराचा हप्ता 12,000, आईच्या शिवणकामाचे महिन्याला सुमारे 6,000. कारखान्याने माणसे कमी केली. पहिला महिना वडील रोज डबा घेऊन घरातून निघतात, मुलांना कळू नये म्हणून. दुसऱ्या महिन्यात शाळेची व्हॅन आणि शिकवणी बंद होते. आता दर महिन्याच्या पाच तारखेच्या, म्हणजे हप्त्याच्या, आधी दोन-तीन दिवस घरात आवाज चढतात. आठ वर्षांच्या मुलाच्या हातून दूध सांडते, आणि एरवी फडके दाखवून विषय संपवणारी आई त्याच्यावर दहा मिनिटे ओरडते. महिन्याभरात त्याचे सकाळी पोट दुखू लागते आणि वर्गात मारामारी होते. चौदा वर्षांच्या मुलीबद्दल मात्र कसलीच तक्रार नाही. ती स्वयंपाकात हात लावते, भावाला शाळेत सोडते, आणि सहलीची चिठ्ठी दप्तरातच दडवून ठेवते.

इथे शाळा मुलाला बोलावते, मुलीचे कौतुक करते. ही या विषयातली सर्वांत नेहमीची चूक आहे. मुलाचा त्रास इतरांना होतो म्हणून तो दिसतो. मुलीचा त्रास सोयीचा आहे म्हणून समजूतदारपणा ठरतो. घरकामातला वाटा चांगलाच, ओकलंडच्या मुलींनीही तो उचलला होता. पण तिची झोप उडालेली आहे का, मैत्रिणींकडे जाणे थांबले आहे का, आवडत्या गोष्टीला ती ‘मला नकोच’ म्हणते का, आणि आईचे अश्रू पुसण्याचे काम तिच्याकडे आले आहे का, हे पाहावे लागते. यांतले शेवटचे काम मुलांना सर्वांत जड जाते, कारण ते कधी संपत नाही.

मुलाच्या पोटदुखीचे कारण ताण आहे का, हे ठरवण्याआधी डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावे. मग वेळापत्रक पाहावे. दुखणे सुटीच्या दिवशी किंवा आजीकडे गेल्यावर नसते, रविवारी रात्री वा हप्त्याच्या दिवसांत वाढते, असे असेल तर संशय बळावतो. सहा-सात वर्षांखालची मुले सुटलेल्या सवयींकडे परत जातात : अंथरूण ओले होते, आईला चिकटून राहणे वाढते. त्या वयात आणखी एक गोष्ट घडते, जी मोठ्यांच्या लक्षात येत नाही. भांडणात ‘फी’ हा शब्द वारंवार ऐकू आला की मूल समजते, हे सगळे माझ्यामुळेच चालले आहे. आणि मुलांमधले नैराश्य नेहमी रडक्या चेहऱ्याने येत नाही, अनेकदा ते सततच्या चिडचिडीच्या रूपात येते. दोन आठवडे उलटूनही चिडचिड वा उदासी रोज टिकून असेल, खाणे-झोप-अभ्यास बिघडला असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. मूल मरणाची भाषा करू लागले, तर दोन आठवडेही थांबू नये. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन्ही क्रमांक विनाशुल्क आहेत.

नोकरी जाण्यापेक्षा ती गेली की नाही हेच न कळणे कधी कधी अधिक पोखरते. मुंबईच्या गिरणगावाने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवले. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कित्येक कामगार बायकामुलांसह कोकणात, घाटावर गावी परतले, आणि मुलांची शाळा, मित्र, चाळ एकदमच सुटली. गिरणी उद्या सुरू होईल या आशेवर राहणाऱ्या घरात कोणताच निर्णय पुरता होत नाही, आणि मुलाला घडी बसलेली दिनचर्या मिळत नाही.

नुसत्या पैशाने काय सुधारते, याचे दुर्मीळ उत्तर नॉर्थ कॅरोलायनात मिळाले. तिथे जेन कॉस्टेलो व सहकारी 1993 पासून 1,420 मुलांच्या मानसिक आरोग्याचा मागोवा घेत होते. त्यांतली सुमारे एक चतुर्थांश मुले मूळनिवासी अमेरिकन होती. अभ्यास चालू असतानाच चेरोकी जमातीच्या वसाहतीत कॅसिनो सुरू झाला आणि नफ्याचा वाटा जमातीच्या प्रत्येक सदस्याला मिळू लागला. कोणी जास्त धडपडले म्हणून हा पैसा आला नव्हता, त्यामुळे तुलना स्वच्छ झाली. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांची भांडखोरी, उद्धटपणा, नियम मोडणे ही लक्षणे घटली. चिंता आणि नैराश्यावर मात्र फारसा फरक पडला नाही. वागणे सुधारण्यामागे मुख्य कारण दिसले ते पालकांना मुलांवर लक्ष ठेवायला मिळालेली सवड. म्हणजे वरच्या उदाहरणात वडिलांना नवी नोकरी लागली, तर मुलाची मारामारी कदाचित आपोआप थांबेल. मुलीचे ‘मला नकोच’ कदाचित थांबणार नाही, तिच्याशी वेगळे बोलावे लागेल.

घरात करण्यासारख्या गोष्टी याच साखळीवरून ठरतात. डबा घेऊन निघण्याचे नाटक पहिल्याच आठवड्यात थांबवावे. मुले बदल टिपतातच, आणि न सांगितलेल्या गोष्टीच्या जागी त्याहून भयंकर काही कल्पितात. आई-बाबांनी मिळून, शांत वेळी, थोडक्यात सांगावे : बाबांची नोकरी गेली आहे, ती तुमच्यामुळे गेलेली नाही, व्हॅन बंद होईल पण शाळा हीच राहील. टिकेल याची खात्री नसलेले वचन देऊ नये. हप्त्याचा हिशेब मुले झोपल्यावर करावा. घरी असलेल्या वडिलांनी मुलाला शाळेत सोडण्याचे काम अंगावर घ्यावे. त्यामुळे मुलीचा भार उतरतो, वडिलांच्या सकाळीला घडी बसते, आणि मुलाला दिवसातली पंधरा मिनिटे अशी मिळतात, ज्यांत पैशाविषयी बोलणे नसते. वर्गशिक्षकांना परिस्थिती कळवताना फी थकल्याचा उल्लेख मुलासमोर होऊ नये, एवढी विनंती जरूर करावी. वर्गात उभे करून फीबद्दल विचारलेले मूल दुसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणते, ते बहाणा म्हणून नव्हे.